पत्रिकेतली पट्टी: दादरच्या एका व्याख्यानाच्या पोस्टचा प्रकरण अभ्यास

दादरमधलं एक जुनं मंडळ दर हिवाळ्यात व्याख्यानमाला भरवतं. श्रोते बहुतेक साठीच्या पुढचे, वर्षानुवर्षं येणारे. निमंत्रणाची पत्रिका डीटीपीवाल्याकडून चित्र म्हणून तयार होऊन येते आणि तीच फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲपच्या गटावर टाकली जाते. भाषणाचं चित्रीकरण मागाहून यूट्यूबवर चढतं. मुंबईच्या पाणीपुरवठ्याच्या इतिहासावरच्या व्याख्यानाच्या वेळी दोन दिवस आधी सभागृह बदलावं लागलं. दादर पश्चिमेला रानडे रोडजवळ ठरलेला कार्यक्रम पूर्वेला हिंदू कॉलनीतल्या एका शाळेत हलवला. डीटीपीवाल्याने जुन्याच पत्रिकेवर एक तिरकी भगवी पट्टी चढवून तीत ‘स्थळात बदल’ असं लिहून नवा पत्ता दिला, आणि पत्रिका पुन्हा सगळीकडे गेली.

मुलुंडहून येणारे एक काका, पूर्ण अंध, निवृत्त टेलिफोन ऑपरेटर, दादरला उतरून पूल ओलांडून पश्चिमेला जुन्या सभागृहापाशी गेले. तिथे कुलूप होतं. शिवाजी पार्कच्या एका काकूंना दोन्ही डोळ्यांच्या मॅक्युलाचा आजार आहे, मधलं दिसत नाही, कडेचं दिसतं. त्यांनी पत्रिका पाहिली होती, पट्टीही पाहिली होती, पण तिच्यावरची अक्षरं त्यांना लागली नाहीत. त्या घरीच राहिल्या. माहीमच्या एका निवृत्त शिक्षिकेला दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येतं. त्या प्रत्यक्ष न जाता व्हिडिओ कॅप्शन लावून पाहणार होत्या आणि पाच मिनिटांत त्यांनी तो बंद केला.

मंडळाच्या चिटणीसबाईंनी मला बोलावलं. ॲप आणि संकेतस्थळं अपंग व्यक्तींना वापरता येतात की नाही हे तपासणं हा माझा व्यवसाय आहे. त्यांनी आधीच एक गोष्ट केली होती, ती मला फार मोलाची वाटते. तिघांनाही फोन करून “नेमकं काय झालं, ते सांगाल का?” असं विचारलं होतं आणि तिघांच्या घरी जायची परवानगी घेऊन ठेवली होती. सुलभतेची तपासणी निकषांची यादी समोर धरून करता येते, पण माणसाच्या हातातला फोन बघितल्याशिवाय ती पुरी होत नाही.

काकांच्या अँड्रॉइड फोनवर टॉकबॅक हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडदा वाचून दाखवणारी सोय, चालू असतो. पडद्यावर बोट उजवीकडे सरकवलं की फोन पुढच्या घटकावर जातो आणि तो वाचून दाखवतो, दोनदा टिचकी मारली की तो उघडतो. काकांचा हात यावर इतका बसलेला आहे की आवाजाचा वेग त्यांनी माझ्या कानाला झेपणार नाही इतका वाढवलेला असतो. माझ्यासाठी त्यांनी तो कमी केला आणि फेसबुकवर ती पोस्ट उघडली. मंडळाचं नाव आलं. मग पोस्टमधली एकुलती एक ओळ, “सर्वांनी अवश्य उपस्थित राहावे”. तिच्यामागे जोडलेल्या हातांची तीन चिन्हं होती, फोनने ती तिन्ही नावानिशी उच्चारली. मग बोट चित्रावर आलं आणि फोन इंग्रजीत बोलला: `May be an image of 1 person and text`. बस. पुढचं बोट ‘लाइक’वर.

ते इंग्रजी वाक्य फेसबुकने स्वतःहून तयार केलेलं असतं. २०१६ पासून फेसबुक चित्रात काय आहे याचा अंदाज बांधून असं वर्णन जोडतं. कुणी हाताने पर्यायी मजकूर, म्हणजेच ऑल्ट टेक्स्ट, लिहिला नसेल तर स्क्रीन रीडरला तेवढंच मिळतं. एक माणूस आहे आणि अक्षरं आहेत, एवढं त्या यंत्राने बरोबर ओळखलं होतं. काकांना हव्या असलेल्या चारही गोष्टी, म्हणजे विषय, दिवस, वेळ आणि जागा, त्या ‘अक्षरं आहेत’ या शब्दांच्या आत अडकल्या होत्या.

काकांनी हात टेकले नव्हते. पत्रिका फोनमध्ये उतरवून त्यांनी गूगल लेन्सला दिली होती. लेन्सला देवनागरी वाचता येतं आणि साध्या छापील पानावर ते चांगलं चालतं. पण ही पत्रिका दोन रकान्यांची होती. डावीकडे मालेतली सगळी व्याख्यानं, उजवीकडे या व्याख्यानाचा तपशील. लेन्सने आडवं वाचत डाव्या रकान्यातली तारीख उजव्या रकान्यातल्या वक्त्याला जोडली. शेवटी छापलेलं जुनं सभागृह त्याने स्वच्छ वाचलं, कारण ते सरळ, काळ्या अक्षरात होतं. तिरकी पट्टी वगळली गेली. काकांना मिळालेला पत्ता असा चुकीचाही होता आणि खात्रीचाही वाटत होता. माझ्या अनुभवात माहिती न मिळण्यापेक्षा हे जास्त त्रासाचं ठरतं, कारण मग माणूस फोन करून विचारतही नाही.

मी जाण्याआधी मंडळातल्या एका कॉलेजातल्या मुलाने सुधारणा सुचवली होती: पत्रिकेतला सगळा मजकूर ऑल्ट टेक्स्टच्या चौकटीत भरायचा. हेतू चांगला होता. इन्स्टाग्रामवर पोस्ट संपादित करताना चित्रावर `Edit alt text` येतं, फेसबुकवरही फोटोच्या पर्यायांत ते सापडतं. त्याने तिथे मजकूर चिकटवला आणि काकांच्या फोनवर लावून पाहिलं, तर फोन काहीतरी अगम्य इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं बडबडायला लागला. कारण मराठी डीटीपीशी संबंध आलेल्या कुणालाही लगेच कळेल. पत्रिका श्रीलिपीत जुळवलेली होती. अशा जुन्या फाँटमध्ये ‘क’ हा खरा ‘क’ नसतो. संगणकाच्या लेखी ते एखादं इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह असतं आणि फाँट त्याला ‘क’चं रूप देतो. पडद्यावर मराठी दिसतं, पण कॉपी केलं की आतली चिन्हं बाहेर येतात. स्क्रीन रीडर फाँटचं रूप बघत नाही, आतली चिन्हं वाचतो. तेव्हा मजकूर युनिकोडमध्ये नव्याने टाइप करावा लागतो. त्या मुलाने फोनच्या कळफलकावर तो बोलून टाइप केला आणि मग आकडे आणि नावं तपासून घेतली.

आता काकांना सगळं ऐकू आलं. तरीही मी हा उपाय पुरेसा मानला नाही, आणि त्याचं कारण शिवाजी पार्कच्या काकूंच्या फोनवर दिसलं. काकू स्क्रीन रीडर वापरत नाहीत. त्यांनी फोनच्या `Font size`चा सरकता ठिपका अगदी टोकाला नेलेला आहे आणि व्हॉट्सॲपमध्येही `Settings > Chats > Font size` इथे `Large` निवडलेलं आहे. त्यांच्या फोनवर मुलाचा साधा निरोप चार शब्दांची एक ओळ असा दिसतो आणि तो त्या भराभर वाचतात. मात्र पर्यायी मजकूर डोळ्यांनी बघणाऱ्याला दिसतच नाही. चौकटीत भरलेली नवी जागा काकूंसाठी अस्तित्वातच नव्हती.

आणि अक्षरांच्या आकाराची सेटिंग चित्रापर्यंत पोचत नाही. फोन मोठी करतो ती अक्षरं म्हणून साठवलेली अक्षरं. चित्रातली अक्षरं त्याच्या दृष्टीने रंगाचे ठिपके. काकूंनी पत्रिका दोन बोटांनी ताणून मोठी करून दाखवली. एका वेळी दोन शब्द दिसतात, मग बोटाने चित्र सरकवायचं, मग पुढचे दोन. ओळीच्या शेवटी परत डावीकडे येताना कुठली ओळ चालू होती ते हरवतं. शिवाय पत्रिका व्हॉट्सॲपवरून आल्यामुळे दाबली गेली होती, ताणली की अक्षरांच्या कडा फुटत होत्या. पट्टीवर तर पांढरी अक्षरं होती. भगव्याची छटा `#FF9933` होती. तिच्यावर पांढऱ्याचं रंगभेदाचं गुणोत्तर मोजलं तर साधारण २.१ भरतं. डब्ल्यूसीएजी या जागतिक निकषांप्रमाणे साध्या आकाराच्या अक्षरांना किमान ४.५ आणि मोठ्या अक्षरांना ३ हवं. त्याच भगव्यावर काळी अक्षरं असती तर हाच आकडा दहाच्या जवळ गेला असता. पट्टीचा रंग बदलायची गरज नव्हती, शाईचा रंग बदलला असता तरी पुरलं असतं.

व्याख्यान होऊन गेलं होतं, तरी पुढच्यासाठी नमुना म्हणून आम्ही तीच पोस्ट नव्याने बांधली. तत्त्व एवढंच ठेवलं की माहिती पोस्टच्या मजकुरात राहील, म्हणजे ती काकांना ऐकू येईल, काकूंच्या फोनवर आपोआप मोठी होईल आणि कुणालाही कॉपी करून दुसऱ्याला पाठवता येईल. मजकूर असा झाला:

“जागा बदलली आहे. मुंबईच्या पाण्याची गोष्ट, हे व्याख्यान आता दादर पूर्वेला हिंदू कॉलनीतल्या शाळेत होईल. शनिवार, २२ नोव्हेंबर, संध्याकाळी साडेपाच. रानडे रोडच्या सभागृहात कार्यक्रम नाही. शाळेत तळमजल्यावर, फाटकातून आत आल्यावर उजव्या हाताला.”

चिटणीसबाईंना सुरुवात रुक्ष वाटली. मंडळाची पद्धत ‘सर्व रसिक श्रोत्यांस सविनय निमंत्रण’ अशी. पण फेसबुक आणि इन्स्टाग्राम लांब मजकुराच्या पहिल्या काही ओळी दाखवून बाकीचा दडवतात, आणि अक्षरं मोठी केलेल्या फोनवर त्या ओळींत मावणारे शब्द आणखी कमी. काकूंच्या फोनवर आम्ही जुनी सुरुवात लावून पाहिली. निमंत्रणातच जागा संपली आणि बदल `more`च्या मागे गेला. ते पाहिल्यावर बाईंनी स्वतःच निमंत्रण शेवटी नेलं. ‘सायं. ५.३०’ऐवजी ‘संध्याकाळी साडेपाच’ हा बदल काकांचा. त्यांच्या फोनचा आवाज ‘सायं’ म्हणून थांबायचा आणि मधल्या टिंबामुळे वेळ दशांशासारखी वाचायचा. जोडलेले हात तीनाचे एक केले.

यानंतर ऑल्ट टेक्स्टचं काम हलकं झालं. सगळा मजकूर पोस्टमध्ये आल्यावर चित्राच्या वर्णनात तो पुन्हा घातला तर काकांना तेच दोनदा ऐकावं लागेल. चौकटीत शेवटी हे राहिलं: “व्याख्यानाची पत्रिका. वक्त्यांचा फोटो, मागे तानसा धरणाचं जुनं कृष्णधवल छायाचित्र. पत्रिकेतला सगळा तपशील पोस्टमध्ये लिहिला आहे.” धरणाचा फोटो सांगायला हवा का, यावर मंडळात थोडी चर्चा झाली. काकांचं म्हणणं होतं की हवा, कारण बाकीचे त्या फोटोबद्दल प्रतिक्रियांमध्ये बोलत होते आणि ते कशाबद्दल बोलतायत हे त्यांना कळत नव्हतं. वर्णनात काय घ्यावं हे ठरवायला मला यापेक्षा चांगली कसोटी माहीत नाही. ‘चित्र’ किंवा ‘फोटो’ या शब्दाने सुरुवात मात्र करायची नाही, तो शब्द स्क्रीन रीडर बहुधा स्वतःच म्हणतो.

माहीमच्या बाईंचं प्रकरण वेगळं होतं आणि त्याला वेळही सर्वांत जास्त लागला. यूट्यूबवर व्हिडिओला आपोआप कॅप्शन आली होती. ती देवनागरीत होती, त्यामुळे मंडळात सगळ्यांनी ‘मराठी कॅप्शन आहेत’ असं गृहीत धरलं होतं. आवाज बंद करून वाचायला बसलो तेव्हा उलगडा झाला. वाहिनीच्या मूळ सेटिंगमध्ये व्हिडिओची भाषा हिंदी ठेवलेली होती. यंत्र मराठी भाषण हिंदी समजून उतरवत होतं. ‘विहार तलाव’ बिहार झाला होता. ‘तानसा’चं काही ठिकाणी तानसेन झालं होतं. एका जागी ‘नव्हतं’मधला नकारच गळून वाक्य उलटं झालं होतं. बाईंनी पाच मिनिटं तग धरला याचंच मला आश्चर्य वाटलं. त्या म्हणाल्या, “मला वाटलं वक्तेच असं बोलतायत.”

ऐकू येणाऱ्या माणसाला कॅप्शनमधली चूक लगेच कळते, कारण खरा शब्द कानावर पडलेला असतो. जिला फक्त कॅप्शनचाच आधार आहे तिला तिची शहानिशा करायला दुसरं काही नसतं. म्हणून तपासणी करणाऱ्याने आवाज बंद करून आधी वाचायचं, आणि नंतरच आवाज लावून पडताळायचं. क्रम उलटा केला की कान चुका भरून काढतात.

सगळं मुळापासून टाइप करायची गरज पडली नाही. यूट्यूब स्टुडिओच्या `Subtitles` विभागातून आपोआप आलेली कॅप्शन `.srt` फाइल म्हणून उतरवता येतात. तिच्यात शब्द चुकले असले तरी वेळा बहुतांशी बरोबर असतात. कुठलं वाक्य कधी सुरू झालं हे यंत्राला आवाजावरून कळलेलं असतं. आम्ही वेळा ठेवल्या आणि शब्द बदलले. फाइलचा एक तुकडा असा:

```
41
00:06:12,400 --> 00:06:16,900
विहार तलाव १८६० साली पुरा झाला.
त्याआधी नळाचं पाणी नव्हतं.

42
00:06:17,100 --> 00:06:20,300
तुळशी १८७९ आणि तानसा १८९२.
```

क्रमांक, सुरुवात आणि शेवटाची वेळ, मजकूर, मग एक कोरी ओळ. कोरी ओळ सोडायची विसरली की पुढचा तुकडा आधीच्याला चिकटतो. मिलिसेकंदांच्या आधी स्वल्पविराम असतो, टिंब नाही. आणि फाइल यूटीएफ-८ म्हणून जपून ठेवायची. मंडळाच्या जुन्या संगणकावरच्या नोटपॅडने ती एएनएसआय म्हणून ठेवली तेव्हा अख्खं मराठी प्रश्नचिन्हांत गेलं आणि तेवढं काम पुन्हा करावं लागलं. दुरुस्त फाइल `Add language`मधून मराठी म्हणून चढवली, हिंदी कॅप्शन काढून टाकली आणि वाहिनीची मूळ भाषा मराठी केली. पुढच्या अपलोडला यंत्र निदान योग्य भाषेच्या बाजूने सुरुवात करेल.

दहा मिनिटांच्या भाषणाला सुरुवातीला तासभर जातो. म्हणून काय आधी तपासायचं हे ठरवावं लागलं. विशेषनामं, सनावळ्या आणि आकडे, आणि नकार. या तिन्हींत चूक झाली तर वाचणाऱ्याला खोटी माहिती मिळते, आणि ती वाक्याच्या ओघातून ओळखता येत नाही. ‘आहे’च्या जागी ‘हाय’ राहिलं तर तो अर्थ लावून घेतो. विरामचिन्हं मात्र आम्ही सगळीकडे घातली. यंत्राने वाक्यं न तोडता शब्दांची रांग लावली होती आणि माहीमच्या बाईंच्या सांगण्याप्रमाणे शब्दांच्या चुकांइतकंच त्यामुळेही डोकं शिणतं. एका वेळी दोनच ओळी ठेवल्या. हशा आणि टाळ्या चौकोनी कंसात लिहिल्या, नाहीतर वक्ते मध्येच का थांबले हे कळत नाही.

प्रश्नोत्तरांचा भाग मात्र वाचवता आला नाही. श्रोत्यांनी खुर्चीवरूनच प्रश्न विचारले होते, माइकपर्यंत आवाजच पोचला नव्हता. यंत्राने तिथे काहीच लिहिलं नव्हतं आणि आम्हालाही ऐकू आलं नाही. ‘[श्रोत्याचा प्रश्न ऐकू येत नाही]’ असं लिहून उत्तर तेवढं दिलं. याचा इलाज सभागृहातच आहे: अध्यक्षांनी प्रत्येक प्रश्न माइकवर पुन्हा म्हणायचा. पुढच्या व्याख्यानात तसं झालं आणि त्याचा फायदा मागच्या रांगांनाही मिळाला.

मंडळातल्या एका सदस्याने कॅप्शन व्हिडिओतच कायमची छापून टाकायचं सुचवलं होतं, म्हणजे कुणाला ती चालू करायला लागणार नाहीत. मी नको म्हटलं. पत्रिकेच्या बाबतीत जे झालं तेच इथेही झालं असतं. छापलेली कॅप्शन मोठी होत नाहीत. वेगळ्या फाइलमधली कॅप्शन फोनच्या `Caption preferences`मधून मोठी करता येतात, काळ्या पार्श्वभूमीवर पिवळी करता येतात. माहीमच्या बाईंना मोतीबिंदूही आहे, त्यांनी नेमकं तेच केलं.

काही गोष्टी या सगळ्यातून सुटल्या नाहीत. ज्या कर्णबधिर व्यक्तींचं शिक्षण सांकेतिक भाषेतून झालं आहे त्यांच्यासाठी लिखित मराठी ही दुसरी भाषा असते. तासाभराचं भाषण कॅप्शनमधून वाचणं त्यांना जड जातं, त्यांना दुभाषा लागतो. मंडळाकडे आज ती सोय नाही आणि कॅप्शन लावल्यामुळे ती झाली असं मानू नये, हे मी अहवालात स्पष्ट लिहिलं. दुसरी अडचण व्हॉट्सॲपची. तिथे चित्र पाठवताना पर्यायी मजकूर लिहायची चौकट नाही, आणि फेसबुकवरचं चित्र उतरवून पुढे पाठवलं की तिथे लिहिलेलं वर्णनही मागे राहतं. लोक पत्रिका स्टेटसला लावतात तेव्हा तर चित्रच उरतं. म्हणून गटावर आता आधी मजकुराचा निरोप जातो आणि मग पत्रिका, आणि दोन्हींत बदल पहिल्याच ओळीत असतो. डीटीपीवाल्याला काम देताना चिटणीसबाई आता दोन गोष्टी मागतात: पत्रिकेचं चित्र, आणि तोच मजकूर युनिकोडमध्ये वेगळा. पहिल्यांदा त्याने श्रीलिपीतलाच पाठवला, तो बाईंनी स्वतःच्या फोनवर उघडून बघितला आणि परत केला.